टी-आकाराच्या बीमचा तटस्थ अक्ष आणि मोमेंट ऑफ इनर्शिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या सगळ्या उत्तरांत एकच टी वापरला आहे. वरची आडवी पट्टी, म्हणजे फ्लँज, १५० मिमी रुंद आणि २० मिमी जाड. तिच्या मधोमध खाली उतरणारी उभी पट्टी, म्हणजे वेब, २० मिमी जाड आणि १०० मिमी उंच. एकूण उंची १२० मिमी. कागदावर हा टी काढून शेजारी ठेवलात तर पुढचं वाचणं सोपं जाईल. उंची सगळीकडे तळापासून मोजली आहे. आणि ‘मोमेंट ऑफ इनर्शिया’ म्हणजे इथे क्षेत्रफळाचा दुसरा मोमेंट, चिन्ह `I`. फिरणाऱ्या चाकाच्या वस्तुमानाचा जो असतो त्याचा इथे संबंध नाही, फक्त नाव एक पडलं आहे.

तटस्थ अक्ष सेंट्रॉइडमधूनच का जातो? हे मानून चालायचं की सिद्ध होतं?

सिद्ध होतं, आणि दोन ओळींत होतं. बीम वाकला की एका बाजूचे तंतू ताणले जातात, दुसऱ्या बाजूचे दाबले जातात. मधे कुठेतरी एक थर असा असतो की त्याची लांबी बदलतच नाही. काटछेदात तो थर जिथे दिसतो ती रेषा म्हणजे तटस्थ अक्ष. काटछेद वाकल्यावरही सपाट राहतो असं धरलं, तर या रेषेपासून जितकं लांब जाल त्या प्रमाणात स्ट्रेन वाढतो. पदार्थ एकच आणि स्थितिस्थापक असेल तर स्ट्रेसही त्याच प्रमाणात वाढतो.

आता बीमवर नुसता बेंडिंग मोमेंट आहे, लांबीच्या दिशेने ओढ किंवा दाब नाही. म्हणजे काटछेदावरच्या ताणाच्या बलांची बेरीज आणि दाबाच्या बलांची बेरीज सारखी असलीच पाहिजे. स्ट्रेस अंतराच्या प्रमाणात असल्यामुळे ही अट अशी होते, आणि इथे `y` तळापासून नव्हे तर तटस्थ अक्षापासून मोजला आहे:

```
∫ y dA = 0
```

क्षेत्रफळाचा पहिला मोमेंट ज्या रेषेभोवती शून्य येतो ती रेषा सेंट्रॉइडमधून जाते, ही सेंट्रॉइडची व्याख्याच आहे. आज हे इतकं साधं वाटतं, पण १६३८ मध्ये गॅलिलिओने भिंतीत रोवलेल्या बीमसाठी फिरण्याची रेषा काटछेदाच्या तळाच्या कडेला धरली होती. अक्ष सेंट्रॉइडमधून जातो हे नाव्हियेने १८२६ मध्ये स्वच्छ मांडलं.

या उत्तरात तीन अटी लपल्या आहेत: पदार्थ एकच, स्ट्रेस स्थितिस्थापक मर्यादेत, आणि लांबीच्या दिशेने बल नाही. शेवटचे दोन प्रश्न यांतल्या पहिल्या दोन अटी मोडल्यावर काय होतं याचेच आहेत.

मग क्षेत्रफळाचे वर-खाली दोन समान भाग करणारी रेषा म्हणजेच तटस्थ अक्ष ना?

नाही. आयतात आणि आय-सेक्शनमध्ये या दोन रेषा एकमेकींवर पडतात, म्हणून हा गैरसमज वर्षभर पकडलाच जात नाही. टी आला की उघडा पडतो.

आपल्या टीचं क्षेत्रफळ ५००० चौरस मिमी आहे: फ्लँजचं ३०००, वेबचं २०००. निम्मं म्हणजे २५००. खालून मोजत गेलात तर अख्खी वेब संपते तेव्हा २००० होतात. उरलेल्या ५०० साठी फ्लँजमध्ये ३.३३ मिमी शिरावं लागतं. म्हणजे समान भागांची रेषा तळापासून १०३.३ मिमीवर, फ्लँजच्या पोटात. तटस्थ अक्ष मात्र, पुढे काढू तसा, ८६ मिमीवर येतो. फरक १७ मिमीचा.

कारण असं की तोल क्षेत्रफळांचा साधायचा नसतो, क्षेत्रफळ गुणिले अंतर याचा साधायचा असतो. वेब कमी क्षेत्रफळाची असली तरी लांबवर पसरली आहे, त्यामुळे तिचा हात लांब पडतो आणि ती अक्षाला आपल्याकडे खाली ओढते. सी-सॉवर हलका मुलगा टोकाला बसला की जड मुलाला पुढे सरकावं लागतं, तसंच.

८६ मिमी कसे आले?

टीचे दोन आयत करा. प्रत्येकाचं क्षेत्रफळ आणि त्याच्या स्वतःच्या मध्याची तळापासूनची उंची लिहा. फ्लँज १०० पासून १२० पर्यंत आहे, तिचा मध्य ११० वर. वेब ० पासून १०० पर्यंत, तिचा मध्य ५० वर. अक्षाची तळापासूनची उंची म्हणजे `ȳ`.

```
ȳ = (A₁y₁ + A₂y₂) / (A₁ + A₂)
ȳ = (3000×110 + 2000×50) / 5000
ȳ = 430000 / 5000 = 86
```

वरून मोजलं तर ३४ मिमी. इथे चुका होतात त्या सूत्रात नाही, अंतरात. एकाची उंची तळापासून आणि दुसऱ्याची माथ्यापासून धरली जाते, किंवा फ्लँजचा मध्य ११० ऐवजी १० लिहिला जातो, कारण ‘फ्लँजची निम्मी जाडी’ डोक्यात असते. म्हणून मी आधी चित्रात संदर्भरेषा जाड काढतो आणि मगच आकडे लिहितो.

उत्तर बरोबर आहे की नाही हे कसं ताडायचं?

आधी नजरेने. ȳ दोन्ही आयतांच्या मध्यांच्या दरम्यानच असला पाहिजे, म्हणजे ५० आणि ११० च्या मधे, आणि जास्त क्षेत्रफळाच्या आयताकडे झुकलेला. ८६ दोन्ही अटी पाळतो. ११५ किंवा ४० आला तर आकडेमोड पुन्हा करायची, शंका घेत बसायचं नाही.

मग पक्की तपासणी: अक्षाच्या खालचा आणि वरचा पहिला मोमेंट वेगवेगळा काढा. खाली फक्त वेबचा ८६ मिमी तुकडा आहे. त्याचं क्षेत्रफळ १७२०, मध्य अक्षापासून ४३ मिमी, गुणाकार ७३,९६०. वर फ्लँज आहे, ३००० गुणिले २४, म्हणजे ७२,०००. शिवाय वेबचा उरलेला १४ मिमी तुकडा, २८० गुणिले ७, म्हणजे १९६०. बेरीज ७३,९६०. दोन्ही बाजू अंकाला अंक जुळल्या. हा आकडा जपून ठेवा. बीमच्या काटछेदातला सर्वांत मोठा शिअर स्ट्रेस काढताना `Q` म्हणून हाच लागतो.

दुसरी वाट हवी असेल तर टी म्हणजे १५० × १२० चा मोठा आयत वजा वेबच्या दोन बाजूंच्या मोकळ्या जागा, असंही पाहता येतं. त्या दोन्ही जागा मिळून १३० × १००. १८,००० गुणिले ६० मधून १३,००० गुणिले ५० वजा केले की ४,३०,००० उरतात, आणि ५००० ने भागल्यावर पुन्हा ८६.

आता I. दोन आयतांचे bh³/12 काढून बेरीज केली तर?

तर फ्लँजचे १,००,००० आणि वेबचे १६,६६,६६७ मिळून १७,६६,६६७ मिमी⁴ येतात. खरं उत्तर ६०,८६,६६७ आहे. म्हणजे जेमतेम २९ टक्के हाती लागले.

`bh³/12` हे त्या आयताच्या स्वतःच्या मध्यातून जाणाऱ्या अक्षाभोवतीचं मूल्य असतं. आपल्याला दोन्ही आयतांचं मूल्य एकाच अक्षाभोवती हवं आहे, ८६ वरच्या. त्यासाठी समांतर अक्षाचं प्रमेय: प्रत्येक आयताच्या स्वतःच्या मूल्यात `A·d²` मिळवायचं, जिथे `d` म्हणजे त्या आयताचा मध्य आणि तटस्थ अक्ष यांतलं अंतर. फ्लँजसाठी ते ११० वजा ८६, म्हणजे २४. वेबसाठी ८६ वजा ५०, म्हणजे ३६.

```
फ्लँज: 100000  + 3000×24² = 1828000
वेब:   1666667 + 2000×36² = 4258667
I = 6086667 mm⁴
```

फ्लँजची ओळ नीट बघा. तिच्या १८.२८ लाखांपैकी स्वतःचे फक्त एक लाख. बाकी सगळं ती अक्षापासून लांब आहे म्हणून. वेबची गोष्ट निराळी. ती उंच आहे, त्यामुळे तिचा स्वतःचा हिस्साही दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

चुकीच्या बेरजेला, गंमत म्हणजे, एक खरा अर्थ आहे. फ्लँजची पट्टी वेबवर नुसती ठेवली, ना वेल्ड, ना बोल्ट, आणि घर्षणही नाही असं धरलं, तर दोघी आपापल्या मध्याभोवती स्वतंत्र वाकतात आणि एकमेकींवरून घसरतात. तेव्हा जोडीचा एकत्रित ताठपणा खरोखर त्या १७.६७ लाखांइतकाच असतो. दोघींना पक्कं जोडल्यावर तो जवळपास साडेतीनपट होतो. ती घसरण रोखण्याचं काम जोडावर येतं: शिअर फोर्स १० किलोन्यूटन असेल तर जोडाच्या दर मिलिमीटर लांबीला `VQ/I` प्रमाणे साधारण ११८ न्यूटन बल पेलावं लागतं. इथे `Q` फक्त फ्लँजचा, म्हणजे ७२,०००.

मी आधी तळाभोवती I काढतो आणि मग A·ȳ² वजा करतो. चालेल ना?

चालेल, पण ȳ अजिबात गोल करू नका.

तळाभोवतीचं मूल्य ४,३०,६६,६६७ येतं. त्यातून ५००० गुणिले ८६² म्हणजे ३,६९,८०,००० वजा केले की ६०,८६,६६७. उत्तर तेच. पण हे दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या आकड्यांमधलं अंतर आहे. ȳ चुकून ८५ धरला तर वजा होतात ३,६१,२५,००० आणि उत्तर येतं ६९,४१,६६७. एका मिलिमीटरच्या चुकीने १४ टक्के जास्त.

तीच चूक आधीच्या पद्धतीत करा, म्हणजे दोन्ही `d` ८५ पासून मोजा. फ्लँजचं अंतर २५, वेबचं ३५. उत्तर येतं ६०,९१,६६७. फरक पाच हजारांचा, टक्क्याच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. पाच मिलिमीटर चुकलात तरी या पद्धतीत `I` फक्त २ टक्क्यांनी बिघडतो.

असं होतं कारण समांतर अक्षांमध्ये `I` सर्वांत कमी सेंट्रॉइडच्या अक्षाभोवतीच असतो. वाटीच्या तळाशी गोटी थोडी सरकली तरी उंची फारशी बदलत नाही, तसा तिथे आलेख सपाट असतो. यातून आणखी एक खूण मिळते: याच टीसाठी कोणी ६०.८७ लाखांहून जास्त `I` सांगितला, तर त्याने बहुधा दुसऱ्याच अक्षाभोवती काढला आहे. उंचीच्या मधोमध, ६० मिमीवर, अक्ष धरणाऱ्याला ९४.६७ लाख मिळतात.

म्हणजे ȳ थोडा चुकला तरी बिघडत नाही?

`I` चं बिघडत नाही, स्ट्रेसचं बिघडतं. स्ट्रेस काढताना `I` ला सर्वांत दूरच्या तंतूच्या अंतराने भागून सेक्शन मोड्युलस काढतात, आणि ते अंतर ȳ वरच ठरतं. आपल्या टीला दोन मोड्युलस आहेत: तळासाठी ६०,८६,६६७ भागिले ८६, म्हणजे ७०,७७५ मिमी³; माथ्यासाठी भागिले ३४, म्हणजे १,७९,०२० मिमी³. ȳ पाच मिमीने कमी, ८१ धरलात तर तळाचा मोड्युलस ७६,६८७ येईल, सुमारे ८.४ टक्के जास्त. म्हणजे बीम आहे त्यापेक्षा बळकट भासेल. चूक धोक्याच्या बाजूची आहे.

टीला दोन मोड्युलस का? पुस्तकातल्या आयताला तर एकच होता.

आयताचा अक्ष मधोमध असतो, म्हणून दोन्ही अंतरं सारखी. टीत ती ८६ आणि ३४ आहेत.

समजा बेंडिंग मोमेंट ५ किलोन्यूटन-मीटर आहे आणि बीम मधे खाली झुकतो आहे, म्हणजे तळाला ताण, माथ्याला दाब. किलोन्यूटन-मीटरचे न्यूटन-मिलिमीटर करा, ५० लाख. तळाला स्ट्रेस ७०.६ मेगापास्कल, माथ्याला २७.९. एकाच काटछेदात एका कडेला दुसरीच्या अडीचपट. लहान मोड्युलस घेऊन एकच स्ट्रेस काढला तर मोठा आकडा मिळतो खरा, पण तो ताणाचा की दाबाचा हे कळत नाही. काही पदार्थांत तर सगळा फरक तिथेच असतो.

टी उलटा ठेवला तर I बदलतो का?

नाही. क्षेत्रफळ तेच, अक्षापासूनची अंतरं तीच. वाक किती येईल हेही बदलत नाही. बदलतं ते एवढंच, की ७०.६ आता माथ्याला दाब म्हणून येतो आणि २७.९ तळाला ताण म्हणून.

साध्या पोलादाला ताण आणि दाब जवळपास सारखेच सोसतात, त्यामुळे स्ट्रेसच्या हिशोबात त्याला फारसा फरक पडत नाही. (दाबाखाली पातळ वेबचं मोकळं टोक बाजूला कलंडेल का, ही तपासणी वेगळी.) ओतीव लोखंडाचं तसं नाही. ते दाब ताणापेक्षा कितीतरी जास्त सोसतं, म्हणून रुंद फ्लँज ताणाच्या बाजूला हवी. एटन हॉजकिन्सन यांनी १८३० च्या सुमारास ओतीव लोखंडाचे बीम मोडून पाहिले आणि ताणाकडची फ्लँज दाबाकडच्या फ्लँजच्या जवळपास सहापट क्षेत्रफळाची असावी असा निष्कर्ष काढला.

सलग बीममध्ये आधारावर मोमेंटची दिशा उलटते. तिथे टी न हलवताच ‘उलटा’ होतो, आणि दोन्ही ठिकाणचे दोन्ही स्ट्रेस, एकूण चार, तपासावे लागतात. सर्वांत मोठा मोमेंट जिथे आहे तिथेच सर्वांत मोठा ताण असेल असं टीच्या बाबतीत सांगता येत नाही.

अक्ष फ्लँजमध्ये पडला तर सूत्रं बदलतात का?

वरची सूत्रं जशीच्या तशी चालतात. त्यांना अक्ष कुठे आहे याच्याशी देणंघेणं नाही. बदलते फक्त वर-खालची तपासणी, कारण आता फ्लँजचे दोन तुकडे होतात.

अक्ष कुठे पडेल हे आधीच कळून घ्यायचं असेल तर फ्लँज आणि वेब जिथे मिळतात त्या रेषेभोवती दोघींचे पहिले मोमेंट ताडून पाहा. दोन्हीकडे येणारा अर्धा सोडून दिला तर फ्लँजची रुंदी गुणिले जाडीचा वर्ग, आणि वेबची जाडी गुणिले उंचीचा वर्ग. मोठा आकडा जिचा, अक्ष तिच्यात. आपल्याकडे ६०,००० विरुद्ध २,००,०००, म्हणून अक्ष वेबमध्ये. फ्लँज ६०० मिमी रुंद केली तर २,४०,००० होतात आणि अक्ष १०१.४ मिमीवर, जेमतेम फ्लँजमध्ये चढतो.

उभ्या अक्षाभोवती I काढायचा असेल तर?

सोपं आहे. दोन्ही आयतांचे मध्य त्याच उभ्या सममितीच्या रेषेवर आहेत, त्यामुळे `d` शून्य. इथे नुसती बेरीज बरोबर ठरते: ५६,२५,००० अधिक ६६,६६७, म्हणजे ५६,९१,६६७ मिमी⁴. रुंदी आणि उंची यांची अदलाबदल करायला विसरू नका.

फ्लँज एका धातूची आणि वेब दुसऱ्या धातूची असेल तर?

मग अक्ष भौमितिक सेंट्रॉइडमधून जात नाही. स्ट्रेन तेवढाच असला तरी जास्त ताठ धातू जास्त बल घेतो, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या क्षेत्रफळाला त्याच्या स्थितिस्थापकता गुणांकाचं वजन द्यावं लागतं. हातचा उपाय असा: एका धातूला पाया धरा आणि दुसऱ्या भागाची रुंदी गुणांकांच्या गुणोत्तराने बदला. उंचीला हात लावायचा नाही, कारण अंतरं बदलली की स्ट्रेनच बदलतो.

आपल्या टीची वेब पोलादी (साधारण २०० गिगापास्कल) आणि फ्लँज ॲल्युमिनियमची (साधारण ७०) असेल तर गुणोत्तर ०.३५. फ्लँजची रुंदी १५० ऐवजी ५२.५ धरा, क्षेत्रफळ १०५०. अक्ष येतो ७०.७ मिमीवर, म्हणजे १५ मिमी खाली, ताठ वेबकडे. त्यानंतर `I` या बदललेल्या आकृतीवर काढायचा, आणि स्ट्रेस काढल्यावर ॲल्युमिनियमचा स्ट्रेस पुन्हा ०.३५ ने गुणायचा. ही शेवटची पायरी हमखास विसरली जाते.

सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या टी-बीममध्ये हीच कल्पना चालते, पण ताणाकडचं काँक्रीट चिरलेलं धरून गणतीतून वगळतात आणि सळ्यांचं क्षेत्रफळ गुणोत्तराने वाढवतात. त्यामुळे अक्ष कुठे आहे हे माहीत नसताना किती काँक्रीट धरायचं हेही ठरत नाही, आणि ȳ साठी वर्गसमीकरण सोडवावं लागतं.

मोमेंट वाढवत नेला तर अक्ष जागचा हलतो का?

पोलाद स्थितिस्थापक आहे तोवर नाही. आपल्या टीत तळ आधी यील्ड होतो, म्हणजे शरण जातो, कारण तिथला स्ट्रेस अडीचपट आहे. त्या भागाचा स्ट्रेस आता वाढत नाही, पण ताण आणि दाब यांची बेरीज तर जुळलीच पाहिजे. म्हणून अक्ष वर सरकू लागतो. सगळा काटछेद शरण गेला की सर्वत्र स्ट्रेस सारखाच, अंतराचं महत्त्व संपलं, आणि तोल आता नुसत्या क्षेत्रफळांचा साधायचा असतो. अक्ष १०३.३ मिमीवर जाऊन थांबतो, म्हणजे दुसऱ्या प्रश्नातल्या त्या समान भागांच्या रेषेवरच.